सकाळी सातची तक्रार, दुपारी दोनचा माणूस

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरचा इन्व्हर्टर पावसाळ्यात उशिरा उठायचा. उन्हाळ्यात सव्वासहाला हिरवा दिवा लागायचा, पण पावसाची झड लागली की अकरा वाजेपर्यंत लाल. पडद्यावर `PV ISO Fault` एवढीच अक्षरं. मग ऊन पडलं, गच्ची वाळली, की स्वारी आपोआप सुरू. आम्ही फोन करायचो, तिकडून "हो मॅडम, माणूस पाठवतो" असं उत्तर यायचं, आणि माणूस यायचा दुपारी दोनला. तोवर सगळं व्यवस्थित चालू असायचं. तो इन्व्हर्टरचा फोटो काढायचा, वहीत 'सिस्टिम ओके' लिहून सही घ्यायचा आणि निघून जायचा. २०२४ च्या पावसाळ्यात असं तीन वेळा झालं. तिन्ही वेळा सही माझीच, कारण सोसायटीची सचिव मीच.

त्या तीन सह्या पुढे आम्हाला फार जड गेल्या. गच्चीवर सोलर बसवलेल्या आणि बसवणाऱ्याशी देखभालीचा करार केलेल्या प्रत्येकाला यातून काही उपयोगाचं मिळावं म्हणून हे सगळं सांगते आहे. करार मोडणं अवघड नसतं. पत्र लिहिलं की झालं. अवघड असतं ते मोडताना वॉरंटी आपल्या हातात राखणं. रागाच्या भरात आधी करार मोडला आणि मग वॉरंटीचे कागद मागायला गेलं, तर समोरच्याला उत्तर द्यायचं काही कारणच उरत नाही.

आमची यंत्रणा साधी आहे. ५४० वॉटची ३६ पॅनेलं, म्हणजे साडेएकोणीस किलोवॉटच्या आसपास. १८-१८ पॅनेलं एकामागे एक जोडलेल्या दोन माळा, ज्यांना सगळे 'स्ट्रिंग' म्हणतात, आणि २० किलोवॉटचा एक इन्व्हर्टर. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे एवढ्याचं बिल कमी व्हावं म्हणून २०२२ च्या नोव्हेंबरात साडेदहा लाखांना बसवली. अनुदान घेतलं नव्हतं. वर्क ऑर्डरमध्ये बसवणाऱ्याने पाच वर्षं कामाची हमी दिली होती आणि वेगळ्या कागदावर वर्षाला २४ हजारांचा देखभाल करार होता. महिन्यातून दोनदा धुणं, तीन महिन्यांनी तपासणी, तक्रार आल्यास ४८ तासांत माणूस. पैसे सहा-सहा महिन्यांचे आगाऊ.

इथे पहिली गोष्ट समजून घ्यायला हवी, जी आम्हालाही दीड वर्ष समजली नव्हती. गच्चीवर एक वॉरंटी नसते, तीन असतात आणि तिन्हींचे मालक वेगळे. पॅनेलची वॉरंटी पॅनेल बनवणाऱ्या कंपनीची. ती साधारण दहा-बारा वर्षं वस्तूच्या दोषाची आणि पंचवीस वर्षं वीज देण्याच्या क्षमतेची असते. इन्व्हर्टरची वॉरंटी इन्व्हर्टरच्या कंपनीची, बहुधा पाच ते दहा वर्षं. आणि तिसरी, जी सगळ्यात कमी लिहिली जाते पण सगळ्यात जास्त लागते, ती बसवण्याच्या कामाची: वायरी, जोड, क्लॅम्प, अर्थिंग. ही फक्त बसवणाऱ्याची. देखभाल करार, म्हणजे एएमसी, ही या तिन्हींपेक्षा निराळी वस्तू. तो नोकरीसारखा आहे, पैसे घ्या आणि काम करा. बसवणारा मात्र या चारही गोष्टी एकाच तोंडाने बोलतो, त्यामुळे ग्राहकाला वाटतं की एएमसी बंद केली तर वॉरंटी गेली. आम्हाला तर तसं फोनवर स्पष्टच सांगण्यात आलं होतं. ते खरं नव्हतं.

डिसेंबर २०२४ मध्ये दुसरी तक्रार निघाली. पॅनेल धुणाऱ्या पोराने दाखवलं की एका पॅनेलच्या पाठीमागची काळी डबी फुगली आहे आणि तिचा एक कोपरा वितळला आहे. आम्ही फोटो पाठवले. "कंपनीकडे क्लेम टाकलाय, नंबर आला की कळवतो." जानेवारीत हेच उत्तर, मार्चमध्ये हेच, मे महिन्यातही हेच.

आणि २०२५ चा मे महिना पावसातच गेला, हे महाराष्ट्रात कोणी विसरणार नाही. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत येऊन ठेपला होता. एरवी वर्षातली सगळ्यात जास्त वीज देणारे ते दिवस, आणि आमचा इन्व्हर्टर पुन्हा रोज अकराला उठायला लागला. त्याच आठवड्यात एएमसीच्या पुढच्या सहा महिन्यांचं १२ हजारांचं बिल आलं. खजिनदार काकांनी ते कमिटीच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे मी देणार नाही. आजच करार बंद."

आमच्याच इमारतीत राहणाऱ्या वकील ताईंनी त्यांना थांबवलं. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्यातलं ३९ वं कलम नेमकं अशा प्रसंगाचं आहे, असं त्यांनी सांगितलं. एका बाजूने आपलं काम करायला नकार दिला, तर दुसऱ्या बाजूला करार संपवता येतो. पण त्याला एक अट जोडलेली आहे: दुसऱ्या बाजूने बोलण्यातून किंवा वागण्यातून 'चालू द्या' असं दाखवलेलं नसावं. आमच्या बाबतीत दोन्हीकडे भोक होतं. त्याने कधी 'करत नाही' म्हटलंच नव्हतं, तो फक्त 'माणूस पाठवतो' म्हणत होता. आणि आम्ही तक्रारी करत असतानाच नोव्हेंबरात पुढचा हप्ता भरला होता, 'सिस्टिम ओके'वर सह्या दिल्या होत्या. आमच्या वागण्यातून संमतीच दिसत होती. त्यात आता नोटीस न देता हप्ता थांबवला असता, तर उद्या तो म्हणाला असता, तुमचेच पैसे बाकी म्हणून मी आलो नाही. म्हणजे करार आम्ही मोडला असा अर्थ निघाला असता.

म्हणून आधी त्याच्या मौनाचा नकार करून घ्यायचा होता. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या, आकडे आणि मुदत.

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेक तक्रारी इथेच लंगड्या पडतात. महावितरणचं बिल बघून सोलर किती वीज देतं ते कळत नाही. नेट मीटर फक्त गच्चीवरून ग्रिडमध्ये किती गेली आणि ग्रिडमधून किती आली हे मोजतो. दिवसा लिफ्टने जी वीज थेट वापरली ती त्यात येतच नाही. उत्पादन बघायचं तर जनरेशन मीटरवर किंवा इन्व्हर्टरच्या अ‍ॅपवर. शिवाय नुसतं 'यंदा कमी आली' म्हणून भागत नाही, कारण 'पाऊस जास्त होता' हे उत्तर तयारच असतं. आम्ही उपाय शोधला तो शेजारच्या इमारतीत. त्यांच्या गच्चीवर १५ किलोवॉटचं सोलर आहे, तोंड त्याच दिशेला, ढग तेच. दोघांचं उत्पादन आपापल्या किलोवॉटने भागलं, की दर किलोवॉटमागे रोजचे युनिट मिळतात आणि मग पावसाचं कारण उरत नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, दोन्ही इमारतींना किलोवॉटमागे रोज साधारण ३.२ युनिट मिळाले होते. २०२४ च्या त्याच चार महिन्यांत त्यांना ३.१ आणि आम्हाला २.२. फरक ०.९ युनिटचा. तो साडेएकोणीस किलोवॉटने आणि १२२ दिवसांनी गुणला की सुमारे २,१०० युनिट होतात. आमच्या बिलात युनिटमागे सरासरी १३ रुपये पडतात, तेव्हा एका पावसाळ्याचे २७ हजार रुपये झाले. जो माणूस वर्षाला २४ हजार घेऊन यंत्र सांभाळणार होता, त्याच्या न येण्याने त्याहून जास्त नुकसान झालं होतं.

दुसरं, इन्व्हर्टर स्वतःची डायरी लिहितो. कोणत्या दिवशी किती वाजून किती मिनिटांनी कोणता दोष आला आणि कधी गेला, सगळं त्याच्या नोंदीत असतं. ती यादी आम्ही उतरवून घेतली. जुलै २०२४ मध्ये एकवीस दिवस सकाळी दोष, आणि तो गेल्याची वेळ दहा ते साडेअकरा. 'सिस्टिम ओके'च्या तिन्ही भेटी दुपारी एकनंतरच्या. ही यादी आणि त्या तीन पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा माझ्या सह्यांचा काटा जरा बोथट झाला.

पण ही नोंद काढताना एक धोका लक्षात आला. अ‍ॅपमध्ये आमची यंत्रणा इन्स्टॉलरच्या खात्याखाली नोंदवलेली होती. आम्हाला फक्त बघायची परवानगी. मालक तो, पाहुणे आम्ही. अशा खात्यातून त्याने यंत्रणा काढून टाकली, तर मागचा सगळा इतिहास आमच्यापुरता पुसला जातो. म्हणून नोटिशीचा एक शब्दही लिहिण्याआधी महिन्यामहिन्याचं उत्पादन आणि दोषांची यादी डाउनलोड करून तीन ठिकाणी ठेवली. त्याच दुपारी पावसाने उघडीप दिली तसे मी आणि खजिनदार काका गच्चीवर जाऊन प्रत्येक पॅनेलच्या चौकटीवरच्या बारकोडचा फोटो काढून आलो. छत्तीस फोटो. पॅनेल कंपनीशी बोलताना अनुक्रमांकाशिवाय एक पाऊल पुढे जात नाही, आणि ती यादी तोवर फक्त बसवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर होती.

कमिटीने ठराव केला आणि १० जून २०२५ रोजी नोटीस गेली, करारात छापलेल्या पत्त्यावर पोच घेऊन, आणि त्याच दिवशी ईमेलवर. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या वर्षभराच्या तक्रारींच्या तारखा त्यात होत्याच. पण व्हॉट्सअ‍ॅप हा नोटिशीचा पत्ता नव्हे. करारात 'सूचना' नावाचं एक कलम असतं, ते काढून वाचावं. नोटिशीत आम्ही करार संपवला नाही. दोन दोष लिहिले, करारातली कोणती कलमं त्यामुळे मोडली ते लिहिलं, करारात होती तेवढीच म्हणजे पंधरा दिवसांची मुदत दिली, आणि संयुक्त पाहणीसाठी दोन दिवस कळवले: १६ किंवा १८ जून, सकाळी साडेसात वाजता. वेळ मुद्दाम ठळक अक्षरात. हप्त्याबद्दल लिहिलं की दोष दूर झाल्यावर लगेच देऊ, रक्कम वेगळी ठेवली आहे.

१६ ला कोणी आलं नाही. १८ ला फोन आला, ट्रॅफिकमध्ये आहे, दुपारी येतो.

आम्ही थांबलो नाही. परवानाधारक विद्युत ठेकेदार असलेल्या एका बाहेरच्या अभियंत्यांना आधीच बोलावून ठेवलं होतं. रात्रभर पाऊस पडून गेला होता, गच्चीवर ठिकठिकाणी डबकी होती, इन्व्हर्टर लाल. त्यांनी इन्व्हर्टर बंद करून डीसीचा खटका पाडला आणि आम्हाला दोन हात लांब उभं केलं. घरातला मेन स्विच पाडला की वीज जाते, पण पॅनेलवर उजेड आहे तोवर स्ट्रिंगच्या टोकांना साडेआठशे-नऊशे व्होल्ट असतातच. ढगाळ सकाळीसुद्धा. म्हणून या बाजूला हौसेने हात घालायचा नाही, आणि वीज वाहत असताना कनेक्टर तर कधीच ओढायचा नाही.

मग त्यांनी मेगर लावला. वायरीचं आवरण किती घट्ट आहे हे मोजणारं हे यंत्र. अशा उंच व्होल्टच्या माळेला जमिनीपासून निदान १ मेगओहम विलगता हवी. पहिल्या स्ट्रिंगला ती भरपूर होती. दुसऱ्या स्ट्रिंगला आली ०.०६. म्हणजे कुठेतरी तांब्यापर्यंत पाणी पोचलं होतं, आणि इन्व्हर्टर गळतीच्या भीतीने सुरू व्हायला नकार देत होता. तो बिघडला नव्हता, उलट शहाण्यासारखा वागत होता. दुपारी पाणी आटलं की तीच विलगता पुन्हा वर जाते आणि दुपारी दोनला येणाऱ्याला सगळं ठीक दिसतं.

पुढचं जे त्यांनी केलं ते बघताना मी भिजत उभी आहे हेही विसरले. साध्या मीटरने त्यांनी आधी स्ट्रिंगचं धन टोक आणि अर्थिंग यांच्यातला दाब मोजला: ६३७ व्होल्ट. मग ऋण टोक आणि अर्थिंग: २४५. दोन्हींची बेरीज ८८२, म्हणजे अठरा पॅनेलं आणि एकेकाला ४९ व्होल्ट. "आता २४५ ला ४९ ने भागा," ते म्हणाले. पाच. "ऋण टोकापासून पाचव्या आणि सहाव्या पॅनेलच्या मधला जोड." वाकून पाहिलं तर तोच. ज्या प्लॅस्टिकच्या पट्टीने वायर बांधली होती ती उन्हाने तुटली होती आणि कनेक्टर स्लॅबच्या खोलगट भागात, डबक्यात पडून होता. उघडल्यावर आतली रबरी कडी वाकडी बसलेली, तांब्यावर हिरवी बुरशी आणि एका बाजूला काळा डाग. कनेक्टरचा नर एका कंपनीचा आणि मादी दुसऱ्या कंपनीची. बसतात एकमेकांत, पण तसं बसवायचं नसतं. मापात केसभर फरक असतो, संपर्क अपुरा राहतो, पाणी शिरतं, गरम होतं.

हा दोष पॅनेलचा नव्हता, इन्व्हर्टरचाही नव्हता. सरळसरळ बसवण्याच्या कामाचा होता, त्याच्या पाच वर्षांच्या हमीतला. अभियंत्यांनी मोजमापांचा अहवाल तारीख-वेळेसह दिला आणि तो जोड कापून नवीन लावला. जुना कनेक्टर आम्ही पारदर्शक पिशवीत घालून त्यावर तारीख, स्ट्रिंगचा क्रमांक आणि हजर असलेल्या तिघांच्या सह्या केल्या. आधी संयुक्त पाहणीला बोलावलं, मगच हात लावला, हा क्रम महत्त्वाचा. नाहीतर 'तुमच्या माणसानेच बिघडवलं' म्हणायला वाव राहतो. आणि लगेच दुरुस्त करून घेतलं हेही महत्त्वाचं, कारण करार कायद्याच्या ७३ व्या कलमात भरपाई मोजताना, नुकसान टाळण्याचा उपाय हाताशी होता का हेही पाहतात. यंत्र वर्षभर बंद ठेवून नुकसानाचा आकडा फुगवता येत नाही.

पहिल्या स्ट्रिंगमधलं वितळलेल्या डबीचं पॅनेलही त्यांनी तपासलं. ४९ च्या ऐवजी ३३ व्होल्ट. पॅनेलमध्ये पेशींचे तीन गट असतात आणि प्रत्येक गटाला एक डायोड. एक डायोड जळून आरपार झाला की तिसरा भाग गेला. हा मात्र वस्तूचा दोष, कंपनीच्या वॉरंटीतला. त्या संध्याकाळी मी पॅनेल कंपनीला थेट ईमेल केला. खरेदीचं बिल, अनुक्रमांक, फोटो, मोजमाप. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्या अनुक्रमांकावर त्यांच्याकडे आजवर एकही क्लेम नोंदवलेला नव्हता. सहा महिने आम्हाला ज्या नंबराची वाट बघायला सांगितली होती, तो नंबर कुणी मागितलाच नव्हता.

मला तेव्हा फार राग आला, आणि आजही ते लिहिताना येतो. वीज थोडी कमी मिळाली याचं एवढं नाही. पण ज्यांच्या पैशांतून हे उभं राहिलं त्या बत्तीस घरांत पेन्शनवर जगणारी माणसं आहेत, आणि त्यांना मी दर बैठकीत 'क्लेम टाकलाय' असं सांगत आले होते.

मुदत संपली तेव्हा दुसऱ्या पत्राआधी आणखी दोन ईमेल गेले, पॅनेल कंपनीला आणि इन्व्हर्टर कंपनीला. 'अमुक तारखेपासून देखभाल दुसऱ्या परवानाधारकाकडे जात आहे. तुमची वॉरंटी चालू राहते ना, आणि पुढे तक्रार कुठे नोंदवायची, हे लेखी कळवावं.' दोघांनीही कळवलं की काम जाणकार माणसाने केलं आणि नोंदी ठेवल्या तर वॉरंटीला बाधा नाही. अशा वॉरंटीतून वगळलेलं असतं ते अडाणी हातांनी केलेलं काम. मूळ बसवणारा बदलण्याला हरकत नसते. हे लेखी उत्तर हातात आल्यावरच ३० जूनला करार संपवल्याचं पत्र गेलं. त्यात फक्त संपवल्याचं वाक्य नव्हतं, हस्तांतरणाची मागणीही होती: विजेच्या जोडणीचा आराखडा, स्ट्रिंगचा नकाशा, पॅनेलांचे कारखान्यातले चाचणी-अहवाल, दोन्ही वॉरंटीची प्रमाणपत्रं, अर्थिंगचा अहवाल, नेट मीटरिंग कराराची प्रत, आणि अ‍ॅपमधली मालकी आमच्या ईमेलवर. त्यासाठी सात दिवस. शिवाय एक वाक्य वकील ताईंनी आग्रहाने घातलं: देखभाल करार संपत असला तरी वर्क ऑर्डरमधली पाच वर्षांची कामाची हमी अबाधित आहे आणि आम्ही ती सोडत नाही. हे वाक्य नसतं तर दोन्ही एकदमच सोडले असा अर्थ काढता आला असता.

कागद अर्धेच आले. अ‍ॅपची मालकी आलीच नाही. पण ती वाट अडत नाही. आम्ही इन्व्हर्टरच्या कंपनीला बिल आणि अनुक्रमांक दाखवून खात्यातली नोंद बदलून घेतली, त्याला नऊ दिवस लागले. पॅनेल कंपनीने ऑगस्टमध्ये नवीन पॅनेल दिलं. पॅनेल फुकट, पण जुनं उतरवणं, वाहतूक आणि नवं चढवणं आमच्या खर्चाने. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत हे असंच असतं, तेव्हा आधी वाचून ठेवावं. ५४० चं मॉडेल बंद झालं होतं, ५५० चं आलं. माळेत जरा मोठं पॅनेल चालतं, लहान आलं तर सगळ्या माळेला मागे खेचतं. चौकटीचं माप मात्र क्लॅम्पला जुळतं का ते पाहून घ्यावं लागलं.

घरगुती सोलरवाल्यांची स्थिती थोडी वेगळी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८ हजारांचं अनुदान मिळतं आणि बसवणाऱ्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते. तिचे पैसे किमतीतच दिलेले असतात. तिथे रागाने 'करार संपला' लिहून देणं म्हणजे आधीच भरलेला हक्क सोडणं. तुमच्याकडून थांबवण्यासारखा हप्ता नाही, पण बसवणारा योजनेत नोंदणीकृत असतो आणि नोंदणीसाठी त्याला बँक हमी ठेवावी लागते. तेव्हा तक्रार योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर आणि महावितरणकडे लेखी नोंदवावी. दुरुस्ती दुसऱ्याकडून करून घ्यावी लागलीच, तरी आधी मुदतीची नोटीस आणि पाहणीचं बोलावणं हा क्रम तोच.

तारखेबद्दल एक सांगायलाच हवं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार करायला दोन वर्षं असतात, कारण घडल्या दिवसापासून. आपण पत्रं लिहीत राहिलो म्हणून ती मुदत वाढत नाही. आमची पहिली तक्रार जुलै २०२४ ची, तेव्हा जुलै २०२६ ही कड धरून चाललो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, तिथून काही झालं नाही, मग जिल्हा आयोगाकडे गेलो. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारांसाठी जिल्हा आयोग असतो, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, बसवणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. शुल्क किती धरायचं ते दिलेल्या मोबदल्यावरून ठरतं. १० ते २० लाखांच्या गटात ४०० रुपये. मागणी तीन कलमांची आहे: दुरुस्ती आणि तपासणीचे साडेअकरा हजार, एका पावसाळ्याच्या विजेचे २७ हजार, आणि ज्या काळात सेवा दिलीच नाही त्या काळाच्या एएमसीची रक्कम. मनस्तापाची मोठी रक्कम मागायचा मोह काही सभासदांना होता. आम्ही मागितली नाही. ज्याचा हिशोब कागदावर दाखवता येतो तेवढंच मागितलं.

सप्टेंबरातल्या एका पावसाळी सकाळी वॉचमन दादांनी गच्चीवरून फोन केला. सहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती, धार लागली होती, आणि दिवा हिरवा होता. पिशवीतला कनेक्टर अजून सोसायटीच्या कपाटात आहे. सुनावणीच्या तारखेला तो सोबत न्यायचा आहे.